जर्मनीतल्या रेल्वे-बस वेळापत्रकाचा फोटो मराठीत कसा उतरवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे जर्मनीला गेलेले आई-बाबा एकटे बाहेर पडू लागले, की थांब्यावरचा कागद किंवा स्टेशनवरचा तक्ता फोटो काढून पाठवतात आणि विचारतात, "यातलं आपल्याला कुठलं?" तो फोटो मराठीत उतरवून देणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्दांचे अर्थ शोधणं सोपं आहे. खरी अडचण येते ती "आज ही गाडी आहे का?" या प्रश्नाचं उत्तर काढताना, म्हणून जास्त जागा त्यालाच दिली आहे.

१. स्टेशनवर पिवळा आणि पांढरा असे दोन तक्ते लावलेले असतात. फोटो कुठल्याचा काढायचा?

प्रवासाला निघायचं असेल तर पिवळ्याचा. पिवळ्या कागदावर सुटणाऱ्या गाड्या असतात आणि वर "आबफार्ट" लिहिलेलं असतं. पांढऱ्यावर येणाऱ्या गाड्या असतात, त्याचा मथळा "आनकुन्फ्ट". कुणाला घ्यायला स्टेशनवर गेलात तरच पांढरा कामाचा.

फोटो काळपट आला किंवा कुणी तो कृष्णधवल करून पाठवला, तर रंगावरून ओळखता येत नाही. अशा वेळी मथळ्याचा शब्द वाचावा. मथळाही कापला गेला असेल, तर भाषांतर करण्याआधी तो परत मागवून घ्यावा. पांढरा तक्ता सुटण्याचा समजून उतरवला तर वेळा खऱ्याच वाटतात, आकडे नीट जुळतात, आणि गाडी मात्र उलट्या दिशेची निघते.

पिवळ्या तक्त्यावर डावीकडून वेळ, गाडीचा प्रकार आणि क्रमांक, मधले थांबे व शेवटचं ठिकाण, आणि उजवीकडे फलाट असा क्रम असतो. दिवसभराच्या सगळ्या दिशांच्या गाड्या तासवारीने एकाखाली एक दिलेल्या असतात. बसथांब्यावरचा कागद वेगळा असतो, तो एका मार्गाचा आणि एकाच दिशेचा असतो. त्याबद्दल प्रश्न ६ पाहा.

२. फोटोत नेमकं काय काय यायला हवं?

हवी ती ओळ, तिच्या वरचा मथळा, आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेल्या टिपा. बहुतेक जण फक्त ओळ टिपतात आणि तळ सोडून देतात. पण आकड्याला चिकटलेलं एखादं छोटं अक्षर किंवा चिन्ह म्हणजे काय, ते त्या तळाच्या टिपेतच असतं. ते नसेल तर आकडा वाचता येतो, अर्थ लागत नाही.

कागद काचेमागे असतो आणि काचेत आकाश दिसतं. समोर उभं राहण्याऐवजी थोडं बाजूला सरकून, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढला की चकाकी जाते. मात्र फार तिरका काढला तर ओळी एकमेकींत सरकतात आणि फोनचं ॲप एका गाडीची वेळ दुसरीच्या फलाटाला जोडतं. एक पूर्ण कागदाचा आणि एक जवळून हव्या त्या भागाचा, असे दोन फोटो पुरतात.

वैधतेची तारीखही फोटोत येऊ द्या. ती का लागते, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. फोनचं ॲप फोटोवरच मराठी शब्द दाखवतं. तेवढ्यावर भागत नाही का?

लांब वाक्यांवर बऱ्याचदा भागतं. वेळापत्रकात मात्र वाक्यं नसतातच, दोन-दोन अक्षरांची संक्षेपं असतात, आणि घोळ तिथेच होतो. आठवड्याचे वार जर्मनीत असे छापतात:

```
Mo  Di  Mi  Do  Fr  Sa  So
```

सोमवार ते रविवार, याच क्रमाने. आपल्या डोळ्यांना इंग्रजीची सवय असते आणि ॲपलाही ती भाषा आधी सुचते. त्यामुळे गुरुवारचं संक्षेप "करा" होतं, रविवारचं "म्हणून" होतं. मंगळवार आणि बुधवार तर कधी कधी तसेच राहून जातात. फोनमध्ये मूळ भाषा "आपोआप ओळखा" अशी न ठेवता "जर्मन" अशी स्वतः निवडली, तर यातल्या बऱ्याच चुका जागीच टळतात.

दुसरा घोळ दिशादर्शक शब्दांचा. "नाख" या शब्दाचा अर्थ "नंतर" असाही होतो आणि "कडे" असाही. वेळापत्रकात तो "कडे" असतो, पण ॲप "कोलोन नंतर" असं लिहून मोकळं होतं. "यूबर" म्हणजे इथे आपल्या एसटीच्या पाटीवरचं "मार्गे", त्याचं भाषांतर "वर" किंवा "बद्दल" असं दिसलं तर ते खोडावं. "आब" हा शब्द वेळेपुढे असला तर "सुटते", तारखेपुढे असला तर "पासून". "आन" म्हणजे "पोचते".

गावांची नावं भाषांतरित करायची नसतात, हेही ॲपला नेहमी कळत नाही. कित्येक गावांच्या नावात "नदीवरचं", "डोंगर", "नवीन" असे अर्थाचे शब्द असतात आणि ॲप त्यांचं मराठी करून टाकतं. गावाचं नाव देवनागरीत उच्चारासारखं लिहावं आणि शेजारी मूळ लिपीतही ठेवावं, कारण बसच्या कपाळावरच्या पाटीशी ते अक्षरशः जुळवून पाहायचं असतं.

४. "ग्लाइस" चं मराठी काय करावं? शब्दकोशात "रूळ" दिलंय, ॲप "ट्रॅक" म्हणतं.

"फलाट" करावं. "ग्लाइस" चा शब्दशः अर्थ रूळच आहे. पण तक्त्यावर "ग्लाइस ५" म्हणजे प्रवाशाने जिथे उभं राहायचं ती जागा, म्हणजे आपला फलाट क्रमांक ५. जर्मनीत उभं राहायच्या चबुतऱ्याला वेगळा शब्द आहे, "बानश्टाइग". एका बानश्टाइगच्या दोन्ही अंगांना रूळ असतात आणि दोन्हींना वेगळे क्रमांक असतात, उदाहरणार्थ डावीकडे ४ आणि उजवीकडे ५. आपल्याकडेही एकाच चबुतऱ्याच्या दोन कडांना दोन फलाट क्रमांक असतात, त्यामुळे हे समजायला जड नाही. मराठीत दोन्हींसाठी "फलाट" लिहायचं आणि क्रमांक मात्र ग्लाइसचाच द्यायचा.

फलाटाच्या आकड्यानंतर कधी इंग्रजी वर्णमालेतली अक्षरं येतात, जसं ७ आणि पुढे डी ते एफ. हे फलाटाचे विभाग आहेत, त्यांना "आबश्निट" म्हणतात. फलाटावर वर टांगलेल्या फळ्यांवर तीच अक्षरं असतात. गाडी फलाटापेक्षा आखूड असेल तर ती फक्त त्या विभागांपुढे थांबते. "फलाट ७, डी ते एफ या पाट्यांच्या मध्ये उभं राहा" असं पूर्ण लिहिलं, तर बॅग ओढत धावायची वेळ येत नाही.

काही मोठ्या स्टेशनांत "टीफ" असा शब्द दिसतो, म्हणजे खालचा, जमिनीखालचा मजला. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनात १०१ ते १०४ हे फलाट खाली आहेत आणि उपनगरी गाड्या तिथून सुटतात. बर्लिनच्या मुख्य स्टेशनात १ ते ८ खाली आणि ११ ते १६ वर आहेत, मध्ये ९ आणि १० नाहीतच. त्यामुळे तिथलं भाषांतर करताना "खालच्या मजल्यावर" किंवा "वरच्या मजल्यावर" हे जरूर जोडावं.

बसस्थानकात ग्लाइस नसतो, "श्टाइग" किंवा "बुसश्टाइग" असतो. त्यालाही एसटी स्टँडच्या सवयीने "फलाट" म्हटलं तर कुणाचा गोंधळ होत नाही.

५. "वेर्कटाग्स" म्हणजे सोमवार ते शुक्रवार ना?

नाही, आणि शनिवारचे बेत सगळ्यात जास्त इथेच फसतात. "वेर्कटाग" मध्ये शनिवार धरलेला असतो. म्हणजे वेर्कटाग्स धावणारी गाडी सोमवार ते शनिवार असते, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला नसते. ॲप त्याचं "कामाचे दिवस" करतं, आणि शनिवार-रविवार घरी बसणाऱ्या मुलांच्या आई-बाबांना ते सोमवार ते शुक्रवारच वाटतं. मराठीत "सोमवार ते शनिवार (सुट्टीचा दिवस सोडून)" असं सरळ लिहावं.

काही कागदांवर शब्दाऐवजी चिन्ह असतं. एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन हातोडे म्हणजे वेर्कटाग, आणि क्रूस म्हणजे रविवार व सार्वजनिक सुट्ट्या. "वेर्कटाग्स आउसर झाम्सटाग" असं असेल तर शनिवार वगळला आहे, म्हणजे मग सोमवार ते शुक्रवार. "आउसर" म्हणजे "सोडून". त्या शब्दात इंग्रजी बी सारखं दिसणारं एक जर्मन अक्षर आहे आणि फोन ते बी म्हणूनच वाचतो. शब्द ओळखीचा न राहिल्याने ॲप तो गाळून टाकतं आणि "शनिवार सोडून" चं चक्क "शनिवारी" होतं. वार दिसला की त्याच्या आधीचा शब्द मूळ फोटोत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पिवळ्या तक्त्यावर एखाद्या गाडीपुढे दिवसांविषयी काहीच लिहिलं नसेल तर ती रोज धावते.

६. बसथांब्यावरच्या कागदावर नुसते आकड्यांचे ढीग असतात. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यातल्या एखाद्या लहान गावात असतो तसा हा नमुना घेऊ. फोटोतून अक्षरं नीट उचलली तर असं दिसेल:

```
        Montag - Freitag
 7 |  08S  23  38F  53
 8 |  23  53
        Samstag
 7 |  53
 8 |  53
        Sonn- und Feiertag
 8 |  53
S = nur an Schultagen
F = nur in den Ferien
```

डावीकडचा आकडा तास, उजवीकडचे आकडे मिनिटं. म्हणजे पहिल्या ओळीत ७:०८, ७:२३, ७:३८ आणि ७:५३. मिनिटाला चिकटलेलं अक्षर ही अट आहे. तळाच्या टिपेनुसार पहिलं अक्षर म्हणजे "फक्त शाळा असेल त्या दिवशी" आणि दुसरं "फक्त शाळेला सुट्ट्या असताना". पहिलं अक्षर इंग्रजी पाचाच्या आकड्यासारखं दिसतं, त्यामुळे फोन पुष्कळदा तिथे ०८५ असं वाचतो. साठाच्या पुढचा किंवा तीन आकडी मिनिटाचा आकडा दिसला की समजावं, शेवटी आकडा नसून अक्षर आहे.

आता समजा बाबांना गुरुवारी ४ जून २०२६ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमाराला निघायचं आहे. गुरुवार म्हणून आपण वरचा रकाना बघतो आणि ७:२३ ची बस सांगतो. पण त्या दिवशी फ्रोनलाइशनाम हा कॅथलिक सण आहे आणि त्या राज्यात सार्वजनिक सुट्टी असते. सुट्टी म्हटली की वार कुठलाही असो, रविवारचा रकाना लागतो. म्हणजे सात वाजता बसच नाही, पहिली बस ८:५३ ला. दीड तास थांब्यावर उभं राहावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी ५ जूनला, सार्वजनिक सुट्टी नाही. वरचा रकाना परत लागू होतो. पण त्या राज्यात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या शालेय सुट्ट्या त्या दिवसापर्यंत चालू असतात. म्हणून ७:०८ ची बस नाही, ७:२३ आहे, आणि ७:३८ ची, जी एरवी शाळा चालू असताना नसते, ती त्या दिवशी आहे. शनिवारी ६ जूनला मधला रकाना, आणि पहिली बस ७:५३.

तेव्हा क्रम असा धरावा: आधी तारीख, मग त्या राज्यात ती सुट्टी आहे का, मग रकाना, मग शाळेची अट, आणि शेवटी मिनिट. फोटो पाठवणाऱ्याला "कुठल्या तारखेला आणि कुठल्या गावात?" हे विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

त्याच कागदावर पुढच्या थांब्यांची यादी असते आणि प्रत्येक नावाशेजारी २, ५, ९, १४ असे आकडे. त्या वेळा नव्हेत, या थांब्यापासून तिथे पोचायला लागणारी मिनिटं आहेत. ७:२३ ला बसलात आणि उतरायच्या थांब्यापुढे १४ असेल, तर ७:३७ ला पोचाल.

७. सुट्टी आहे की नाही हे राज्यावर अवलंबून असतं, असं का? आणि नाताळाच्या आदल्या दिवसाचं काय?

जर्मनीत बऱ्याच सुट्ट्या राज्यं ठरवतात, आणि कुठलं राज्य परंपरेने कॅथलिक आहे, कुठलं प्रोटेस्टंट, यावर त्या बदलतात. फ्रोनलाइशनामला बायर्न, बाडेन-व्युर्टेमबेर्ग, हेसेन, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन अशा राज्यांत सुट्टी असते, बर्लिन आणि हाम्बुर्गमध्ये नसते. १ नोव्हेंबरला दक्षिणेत आणि पश्चिमेत सुट्टी असते, उत्तरेत आणि पूर्वेत ती बहुतेक राज्यांत आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला असते. म्युनिकला राहणाऱ्या मुलाने हाम्बुर्गला गेलेल्या आईचं वेळापत्रक स्वतःच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून उतरवलं, की एक दिवस हमखास चुकतो.

२४ आणि ३१ डिसेंबर हे कायद्याने सुट्टीचे दिवस नाहीत. तरीही अनेक ठिकाणच्या बससेवा त्या दिवशी शनिवारप्रमाणे धावतात आणि कागदाच्या तळाशी तशी टीप असते. २४ तारखेला संध्याकाळनंतर बस फारच कमी होतात, म्हणून त्या दिवसाची परतीची बस आधीच शोधून द्यावी.

शालेय सुट्ट्यांच्या तारखाही राज्यागणिक वेगळ्या आहेत. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गच्या उन्हाळी सुट्ट्या सगळ्यात उशिरा, साधारण ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतात.

८. रात्री बारानंतरची गाडी कुठल्या दिवसाची धरायची?

बसच्या कागदावर दिवस पहाटे सुरू होतो आणि मध्यरात्र ओलांडून संपतो. शून्य तासाची ओळ २३ च्या खाली, अगदी तळाशी छापलेली असेल, तर ती बहुधा त्या रकान्याच्या दिवसाचीच शेपटी असते. "सोमवार ते शुक्रवार" या रकान्यातली तळाची ०:१९ ही शुक्रवारी रात्री बसायची, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे शनिवारी सुटणारी बस. रविवार संपून सोमवार लागतानाची ०:१९ त्या रकान्यात मोडत नाही.

रात्रीच्या खास बसेसना "नाख्ट" अशी नोंद असते आणि पुढे वारांची जोडी, शुक्र/शनि किंवा शनि/रवि. याचा अर्थ दोन दिवस असा नाही. त्या दोन वारांमधली एकच रात्र. मराठीत "शुक्रवारी रात्री, म्हणजे शनिवार लागल्यावर" असं लिहावं. ज्येष्ठांना पाठवताना ०:१९ ऐवजी "रात्री १२ वाजून १९ मिनिटं" लिहिलेलं बरं, आणि शेवटची बस असेल तर खात्रीसाठी वाहतूक संस्थेच्या ॲपमध्ये ती तारीख घालून पाहावी.

९. स्टेशनच्या निळ्या पडद्यावर काहीतरी सरकत असतं. त्यातलं उशीर झाल्याचं कसं ओळखायचं?

छापील तक्ता ठरलेली वेळ सांगतो. उशीर त्याच्यावर कधीच नसतो, तो पडद्यावर किंवा ॲपमध्ये असतो. पडद्याचा फोटो साधारण असा मजकूर देतो:

```
RE 5   17:42   Gleis 3
heute ca. 25 Min. später
heute von Gleis 8
```

मराठीत: "१७:४२ ची गाडी आज सुमारे २५ मिनिटं उशिरा, म्हणजे १८:०७ च्या आसपास सुटेल. आज फलाट ३ नाही, फलाट ८." इथे दोन गोष्टी निसटतात. मिनिटं ठरलेल्या वेळेपासून मोजायची असतात, फोटो काढला त्या क्षणापासून नव्हे. १७:५५ ला हा फोटो आला तर गाडीला २५ नाही, साधारण १२ मिनिटं उरली आहेत. आणि बदललेला फलाट खालच्या सरकत्या ओळीत येतो, तर मूळ फलाटाचा मोठा आकडा पडद्यावर तसाच दिसत राहू शकतो. ॲपला मोठा आकडा आधी सापडतो.

वरच्या मजकुरातलं "ca." हे "त्सिर्का" चं आखूड रूप, म्हणजे "सुमारे". तो अंदाज असतो आणि गाडी वाटेत वेळ भरून काढू शकते. म्हणून "सहा वाजेपर्यंत चहा घ्या" असं कळवू नये. नवा अंदाज पाहत राहा, फलाटाजवळच थांबा, असं सांगावं.

कारणही पुढे दिलेलं असतं. "आधीच्या फेरीतला उशीर" म्हणजे हीच गाडी मागच्या प्रवासाहून उशिरा आली. "सिग्नलमध्ये बिघाड" हे सरळ आहे. "नोटआर्ट्झ्टआइन्झाट्स आम ग्लाइस" याचा अर्थ रुळांवर तातडीची वैद्यकीय मदत चालू आहे. असा थांबा लांबू शकतो, म्हणून दुसरा मार्ग लगेच शोधायला घ्यावा.

तिकीट स्वस्तातलं, एकाच गाडीला बांधलेलं असेल आणि शेवटच्या ठिकाणी २० मिनिटं किंवा जास्त उशीर होण्याची चिन्हं असतील, तर ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. पोचायला ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचा २५ टक्के आणि १२० मिनिटांना ५० टक्के परतावा मिळतो, मात्र रेल्वेच्या आवाक्याबाहेरच्या काही कारणांना तो लागू होत नाही. म्हणून उशिराच्या पडद्याचा मूळ फोटो पुसू नये.

१०. "फेल्ट आउस", "हाल्ट एंटफेल्ट" आणि "एर्झाट्सफर्केर" यांत फरक काय?

"फेल्ट आउस" म्हणजे गाडी आज रद्द. "हाल्ट एंटफेल्ट" मध्ये गाडी धावते, पण नाव दिलेल्या स्टेशनवर थांबत नाही. ॲप दोन्हींना "रद्द" म्हणतं. आई-बाबा पुढच्याच मोठ्या शहरात उतरणार असतील आणि मधला एखादा थांबा रद्द असेल, तर त्यांनी गाडी सोडून देण्याचं कारण नाही. रद्द झालेल्या थांब्याचं नाव वाचून त्यांच्या उतरण्याच्या स्टेशनशी ताडून पाहावं. "एन्डेट हॉयटे इन" असेल तर गाडी आज वाटेतच, पुढे लिहिलेल्या स्टेशनवर संपते.

"एर्झाट्सफर्केर" म्हणजे गाडीऐवजी बस. रुळांचं काम चालू असलं की महिनोन्महिने अशी सोय असते. तिथे छापील फलाट क्रमांक निरुपयोगी ठरतो, कारण बस स्टेशनबाहेरच्या थांब्यावरून सुटते. त्या थांब्याची खूण बहुतेक जांभळ्या रंगाच्या पाट्यांवर असते. बसला गाडीपेक्षा वेळ जास्त लागतो, त्यामुळे पुढची जोडगाडी मिळेल का हेही त्याच निरोपात कळवावं.

११. वेळेशेजारी टेलिफोनचं चित्र आहे. तो चौकशीचा नंबर समजायचा का?

नाही. ती "रूफबुस" आहे, म्हणजे आधी फोन किंवा ॲपवरून मागणी नोंदवली तरच येणारी बस, कधी तिच्या जागी टॅक्सीही येते. खेड्यांत संध्याकाळी आणि रविवारी अशा फेऱ्या बऱ्याच असतात. किती वेळ आधी कळवायचं ते तळाच्या टिपेत असतं, कुठे ३० मिनिटं, कुठे ६०, कुठे त्याहून जास्त. वेळ उतरवली आणि चित्र सोडून दिलं, तर माणूस थंडीत उभा राहतो आणि बस निघतच नाही, कारण ती कुणी बोलावलेलीच नसते. मराठीत वेळेच्या आधीच लिहावं: "ही बस ६० मिनिटं आधी फोन केला तरच येते." फोनवर जर्मन बोलावं लागणार असेल तर ते काम मुलांनी करून द्यावं.

छोट्या स्टेशनाच्या नावापुढे इंग्रजी एक्ससारखी फुली असेल, तर तिथे गाडी मागितली तरच थांबते. उतरायचं असेल तर डब्यातलं बटण दाबायचं, चढायचं असेल तर चालकाला दिसेल असं फलाटावर उभं राहायचं.

१२. गेल्या वर्षी फोटो काढून भाषांतर केलं होतं. तेच यंदा पाठवलं तर चालेल?

कागदावर "ग्युल्टिग" म्हणजे "वैध" असा शब्द आणि दोन तारखा असतात. युरोपभर रेल्वेचं वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारमधल्या मध्यरात्री बदलतं, आणि बरेच बसमार्गही त्याला धरून बदलतात. २०२६ चं वेळापत्रक १४ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं आणि १२ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. जूनमध्येही छोटे बदल होतात. तारखेचा क्रम आपल्यासारखाच दिवस, महिना, वर्ष असा असतो, पण फोनची भाषा अमेरिकी इंग्रजी असेल तर ॲप तो उलटवू शकतं.

वैध तारखेच्या आतही, रुळांचं काम चालू असेल तर त्या आठवड्यांपुरता वेगळा कागद शेजारी डकवतात. त्यावर "फारप्लानएंडरुंग" असा मथळा असतो. असा कागद दिसला तर मुख्य तक्त्याआधी त्याचं भाषांतर करावं.

१३. एकाच गाडीपुढे दोन वेगळी शेवटची ठिकाणं का दिली आहेत?

ती गाडी वाटेत दुभंगते. पुढचा भाग एका गावाला जातो, मागचा दुसऱ्या. जर्मनीत प्रादेशिक गाड्यांपासून वेगवान गाड्यांपर्यंत अनेक ठिकाणी असं होतं. "फोर्डेरर झुगटाइल" म्हणजे पुढचा भाग, "हिंटेरर" म्हणजे मागचा. दोन नावं दिसली की भाषांतरात "पुढच्या डब्यांत बसा" किंवा "मागच्या डब्यांत बसा" हे लिहायलाच हवं, आणि जोडीला फलाटाचे विभागही द्यावेत (प्रश्न ४). डब्याच्या बाहेर, दाराजवळच्या छोट्या पडद्यावर त्या डब्याचं शेवटचं ठिकाण असतं. चढण्याआधी ते नाव मूळ अक्षरांत जुळवून पाहायला सांगावं. चुकीच्या भागात बसल्याचं आधी लक्षात आलं तर गाडी दुभंगण्याच्या स्टेशनवर उतरून फलाटावरूनच दुसऱ्या भागात जावं, कारण अनेक गाड्यांत दोन भागांना जोडणारा आतला रस्ता नसतो.

१४. मग शेवटी आई-बाबांना पाठवायचा निरोप कसा असावा?

पूर्ण तक्त्याचं भाषांतर पाठवू नये. त्यांना एक गाडी, तिच्या नंतरची एक, आणि परतीची एवढंच हवं असतं. प्रश्न ६ मधल्या शुक्रवारसाठी निरोपातला जाण्याचा भाग असा होईल: "शुक्रवार ५ जून. सकाळी ७:२३ ची बस, घरासमोरच्या थांब्यावरून. चुकली तर ७:३८. १४ मिनिटांनी उतरा. थांब्याचं नाव खाली जर्मन अक्षरांत दिलंय, बसमधल्या पडद्यावर तेच दिसेल. ७:०८ लिहिलेली दिसेल, पण ती आज नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. थांब्यावर उभं राहिल्यावर ते कागद वाचणारच, आणि तिथे ७:०८ दिसली की "मुलगा विसरला बहुतेक" असं वाटून ते लवकर जाऊन थांबतील.

वेळ २४ तासांच्या घड्याळातच ठेवावी, कारण पडद्याशी जुळवायची असते. हवं तर पुढे "संध्याकाळी पावणेसहा" असं जोडावं.

१५. शेजारच्या आजींनी कागदावर बस "हाल्ब आख्ट" ला आहे असं लिहून दिलंय. "आख्ट" म्हणजे आठ, मग साडेआठ ना?

साडेसात. जर्मनमध्ये अर्धा तास पुढच्या आकड्याकडे मोजतात, आठाच्या दिशेने अर्धा, म्हणजे ७:३०. दक्षिणेत आणि पूर्वेत "फिर्टल आख्ट" असंही म्हणतात, ते ७:१५, आपलं सव्वासात. "द्राय फिर्टल आख्ट" म्हणजे ७:४५, आणि ते आपल्या पावणेआठशी नेमकं जुळतं. छापील तक्त्यावर असं कधी नसतं, पण हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत आणि शेजाऱ्यांच्या निरोपात असतं. अशी चिठ्ठी आली की ती वेळ आकड्यांत लिहून थांब्यावरच्या कागदाशी ताडून पाहावी. तिथे ७:३० च्या आसपास बस असेल आणि ८:३० च्या आसपास नसेल, तर उत्तर नक्की झालं.